वहीच्या फोटोतले गणित तपासताना: चूक कोणत्या ओळीत आणि कोणत्या समजुतीतून

विद्यार्थ्याने वहीतल्या उत्तराचा फोटो फोनवर पाठवावा आणि "सर, माझं कुठे चुकलं?" असे विचारावे, हे आता शिकवणी घेणाऱ्यांच्या आणि पालकांच्याही रोजच्या परिचयाचे झाले आहे. बहुतेक जण फोटो उघडून शेवटचे उत्तर पाहतात, ते चुकले असेल तर बरोबर उत्तर पायऱ्यांसह लिहून परत पाठवतात आणि काम झाले असे मानतात. विद्यार्थ्याने मात्र बरोबर उत्तर मागितलेलेच नसते. आपण कोणत्या क्षणी आणि कोणत्या समजुतीने वाट सोडली, हे त्याला हवे असते, आणि नेमके तेच त्याला मिळत नाही. पुढच्या आठवड्यात तीच चूक दुसऱ्या गणितात येते.

येथे दहावीच्या वर्गसमीकरणाचे एकच उदाहरण घेऊन सर्व टप्पे क्रमाने मांडले आहेत. टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. विशेषतः दुसरा आणि तिसरा टप्पा उलटा केला तर काय होते, ते पुढे दिसेल. गणित असे होते: (x − 2)(x − 5) = 4 हे समीकरण सोडवा.

## टप्पा १: फोटो नीट मागवून घेणे

अर्धवट फोटोवरून केलेले निदान बहुधा अर्धवटच राहते, म्हणून वाचायला बसण्याआधी फोटो पुरेसा आहे का ते पाहावे. फोटोत पूर्ण पान असावे, मूळ प्रश्न असावा, आणि विद्यार्थ्याने खोडलेला मजकूर व कडेला केलेले कच्चे काम हेही असावे. मुले फोटो पाठवण्यापूर्वी खोडलेला भाग कापून टाकतात, कारण त्यांना तो गबाळेपणा वाटतो. त्यांना स्पष्ट सांगावे की खोडलेल्या ओळी मला सर्वांत जास्त हव्या आहेत, त्या रबराने पुसू नकोस, एक आडवी रेघ मारून तशाच राहू दे.

फोटो काढताना वही सपाट ठेवून, फोन पानाला समांतर धरून, उजेड एका बाजूने येईल असे बसावे. डोक्यावरच्या दिव्याखाली फोन धरला की हाताची आणि फोनची सावली नेमकी मजकुरावर पडते. पेन्सिलीने लिहिले असेल तर खिडकीजवळचा दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचा आकार कमी होऊन बारीक घातांक पुसट होतात, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

तपासणी: फोटो मोठा करून चार गोष्टी पाहाव्यात. प्रश्न दिसतो का, शेवटची ओळ कापली गेली नाही ना, शिवणीकडच्या वळलेल्या कागदात अक्षरे दबली नाहीत ना, आणि वजाबाकीचे चिन्ह वहीच्या आखीव रेघेपासून वेगळे ओळखू येते का. शेवटची अडचण आखीव वहीत फारच नेहमीची आहे, कारण निळ्या रेघेवर निळ्या शाईने काढलेले वजाचिन्ह फोटोत रेघेतच विरघळते.

## टप्पा २: गणित न सोडवता, जसेच्या तसे उतरवून घेणे

आता फोटोतली प्रत्येक ओळ आपल्या कागदावर क्रमांक घालून उतरवावी. चूक दिसली तरी दुरुस्त करू नये, गाळलेली पायरी भरू नये, खोडलेली ओळ "खोडलेली" असा शेरा घालून लिहावी आणि जे चिन्ह नक्की कळत नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. उदाहरणातला उतारा असा तयार झाला:

ओळ १: (x − 2)(x − 5) = 4
ओळ २ (खोडलेली): x² − 7x + 10 = 4
ओळ ३: x − 2 = 4 किंवा x − 5 = 4
ओळ ४: x = 6 किंवा x = 9 (?)
ओळ ५: ताळा: (6 − 2)(6 − 5) = 4 × 1 = 4

चौथ्या ओळीतल्या प्रश्नचिन्हाकडे लक्ष द्यावे. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांचे हात लहानपणी देवनागरी अंक गिरवून तयार झालेले असतात आणि पुढे इंग्रजी अंकांवर वळतात, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही तऱ्हेचे अंक सापडू शकतात. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 घाईच्या हस्ताक्षरात सारखेच दिसतात. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 यांचीही गल्लत होते. या गणिताची खरी उत्तरे 1 आणि 6 आहेत. म्हणजे ज्याने आधी गणित सोडवले आहे आणि "एक आणि सहा" हे मनात धरून फोटो उघडला आहे, त्याच्या डोळ्यांना चौथ्या ओळीत सहा आणि १ दिसणार, आणि तो "शाबास" लिहून मोकळा होणार. असाच एक फोटो मी स्वतः एकदा पूर्ण बरोबर म्हणून परत केला होता आणि त्या मुलाने तीच रीत चाचणीत पुन्हा वापरली. तेव्हापासून आधी उतरवणे आणि मग सोडवणे हा क्रम मी मोडत नाही.

शंकास्पद अंकाचा निवाडा गणितावरून करू नये, त्याच पानावरच्या अक्षरवळणावरून करावा. विद्यार्थ्याने निःसंशय लिहिलेला तोच अंक पानावर दुसरीकडे शोधावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. येथे पुरावा पाचव्या ओळीत होता. तिथे "4 × 1" मधला एक त्याने साधी उभी रेघ काढून लिहिला होता, आणि पानाच्या वर तारखेतही एक तसाच होता. म्हणून चौथ्या ओळीतला शेपटीचा अंक नऊ. ताळ्याची ओळ फोटोतून कापली गेली असती तर हा निर्णय पुष्कळ अवघड झाला असता. पूर्ण पान मागण्याचे हेही एक कारण आहे.

अंकांखेरीज दोन ठिकाणी जास्त थांबावे. पहिले म्हणजे x हे चल आणि × हे गुणाकाराचे चिन्ह यांतला फरक. दुसरे म्हणजे रेघांची लांबी: अपूर्णांकाची आडवी रेघ कोणत्या पदापर्यंत गेली आहे आणि वर्गमूळाच्या चिन्हाचे छत कोठे संपते, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो. काही मुले छत आखूड काढतात पण पुढच्या ओळीत बरोबर अर्थाने वापरतात. ती लिहिण्याची सवय असते, विचारातली चूक नसते.

सावधान: पानावर पुरावा सापडला नाही तर अंदाजाने पुढे जाऊ नये. "चौथ्या ओळीत तू नऊ लिहिलं आहेस की एक?" एवढेच विचारावे. या प्रश्नातून बरोबर काय ते सुचवले जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

## टप्पा ३: आता स्वतः सोडवणे

उतारा पक्का झाल्यावर गणित स्वतः सोडवावे. कंस सोडवून x² − 7x + 10 = 4, उजवीकडचा 4 डावीकडे आणून x² − 7x + 6 = 0, अवयव पाडून (x − 1)(x − 6) = 0, म्हणून x = 1 किंवा x = 6. दोन्ही मुळांचा ताळा घ्यावा: (1 − 2)(1 − 5) = (−1)(−4) = 4, आणि (6 − 2)(6 − 5) = 4.

याच गणिताची दुसरी वाट असेल तर तीही एकदा चालून पाहावी. सूत्राने किंवा पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवणाऱ्या मुलाच्या मधल्या ओळी आपल्या ओळींशी जुळणार नाहीत आणि तरीही त्या बरोबर असतील. न जुळणारी ओळ म्हणजे चुकीची ओळ, हा समज तपासणाऱ्याकडून बऱ्याच वेळा अन्याय करवतो.

## टप्पा ४: प्रत्येक ओळ तिच्या मागच्या ओळीवरून तपासणे

आपले उत्तर आता बाजूला ठेवावे. विद्यार्थ्याची तिसरी ओळ आपल्या तिसऱ्या ओळीसारखी आहे का, हा प्रश्न नाही. त्याची तिसरी ओळ त्याच्याच मागच्या ओळीवरून निघते का, एवढाच प्रश्न आहे. ती निघत असेल तर पुढे जावे, निघत नसेल तर तिथेच थांबावे.

शंका असेल तिथे नुसते बघत बसण्यापेक्षा संख्या घालून पाहावी. यात दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. विद्यार्थ्याने एखादी राशी नुसती वेगळ्या रूपात लिहिली असेल, जसे (x + 3)² चे x² + 9 केले असेल, तर कोणतीही सोयीची संख्या दोन्ही रूपांत घालावी. मात्र 0, 1 आणि 2 टाळावेत. 0 घातला तर वरची चूक लपते, कारण दोन्हीकडे 9 येतात. 1 घातल्यावर x आणि x² सारखे दिसतात. 2 घातल्यावर x² आणि 2x सारखे दिसतात. 3 घालावा: एकीकडे 36, दुसरीकडे 18, आणि चूक उघड होते.

समीकरणाच्या दोन ओळींमध्ये मात्र कोणतीही संख्या घालून भागत नाही. तिथे पाहायचे असते ते हे की, मागच्या ओळीची मुळे पुढच्या ओळीत टिकली का, आणि पुढच्या ओळीची मुळे मागच्या ओळीत बसतात का. ओळ १ चे मूळ 1 हे ओळ ३ मध्ये घालू: 1 − 2 म्हणजे 4 नाही आणि 1 − 5 म्हणजेही 4 नाही. म्हणजे एक खरे मूळ हरवले. उलट ओळ ३ मधून मिळणारा 9 ओळ १ मध्ये घालू: 7 × 4 = 28, जे 4 नाही. म्हणजे एक परके मूळ आत आले. ओळ १ आणि ओळ ३ यांच्यामध्ये तर्क तुटला आहे हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले.

पहिली तुटलेली ओळ सापडली की तिच्यापुढे खूण करावी, पण वाचन सोडू नये. पुढच्या ओळी त्या चुकीच्या ओळीवरून बरोबर निघतात का ते पाहावे. येथे ओळ ३ वरून ओळ ४ अगदी बरोबर निघते. म्हणजे 4 मध्ये 2 आणि 5 मिळवणे, चिन्ह बदलून पलीकडे नेणे, हे या मुलाला नीट येते. चुकलेल्या उत्तराखाली तीन-चार लाल फुल्या मारल्या तर जे येते तेही येत नाही असा त्याचा समज होतो. चूक एक आहे, म्हणून फुलीही एकच.

## टप्पा ५: चुकीमागची समजूत शब्दांत मांडणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळी मेहनत इथे वाया जाते. ओळ ३ चुकली हे कळणे म्हणजे निदान नव्हे. स्वतःला असे विचारावे: कोणता नियम खरा मानला तर नेमकी हीच ओळ लिहिली जाईल? उत्तर एका पूर्ण वाक्यात लिहावे. येथे ते वाक्य असे होते: "दोन अवयवांचा गुणाकार एखाद्या संख्येइतका असेल, तर त्यांपैकी एखादा अवयव त्या संख्येइतका असतो."

वाक्य लिहिताच दिसते की हा नियम हवेतून आलेला नाही. संख्या शून्य असेल तेव्हा तो पूर्णपणे खरा आहे आणि वर्गात शिकवलेलाही आहे. मुलाने (x − 2)(x − 5) = 0 या रूपाची अनेक गणिते सोडवली, त्यात x − 2 = 0 किंवा x − 5 = 0 असे लिहिले, आणि शून्याच्या जागी 4 आल्यावर तीच रीत पुढे चालवली. त्याला नियमाचे रूप आठवते, तो कशामुळे चालतो ते आठवत नाही.

आता खोडलेल्या दुसऱ्या ओळीकडे परत यावे, कारण ती या मुलाबद्दल सर्वांत जास्त सांगते. त्याने कंस बरोबर सोडवला होता. मग तो का खोडला? कडेच्या कच्च्या कामात 10 चे अवयव 2 आणि 5 असे लिहिलेले दिसले. त्याने डाव्या बाजूचे अवयव पाडले, पुन्हा (x − 2)(x − 5) = 4 वरच येऊन पोहोचला, आणि आपण फिरून तिथेच आलो असे पाहून ती ओळ खोडली. म्हणजे त्याला कंस सोडवता येतो आणि अवयवही पाडता येतात. अवयव पाडण्याआधी उजवी बाजू शून्य करावी लागते, एवढे एकच त्याच्याकडे नाही. "तुला वर्गसमीकरणे येत नाहीत" आणि "उजवी बाजू शून्य का करायची ते तुला कळलेले नाही" या दोन वाक्यांमधले अंतर फार मोठे आहे, आणि ते केवळ खोडलेल्या ओळीमुळे कळले.

तपासणी: आपला अंदाज बरोबर आहे का, हे विद्यार्थ्यालाच एक छोटे गणित देऊन पाहावे. ते असे निवडावे की खऱ्या रीतीने आणि त्याच्या चुकीच्या रीतीने वेगळी उत्तरे येतील. (x − 1)(x − 3) = 8 चांगले आहे: खरी मुळे 5 आणि −1, चुकीच्या रीतीने 9 आणि 11. त्याने फक्त पहिली ओळ लिहून पाठवली तरी पुरे. x − 1 = 8 आले तर समजूतच तशी आहे. त्याने न सांगता कंस सोडवून 8 डावीकडे आणला, तर मूळ गणितात निव्वळ घाई झाली होती आणि पुढच्या लांब स्पष्टीकरणाची गरज नाही.

## टप्पा ६: स्पष्टीकरण लिहिणे

लिहायला बसण्यापूर्वी मुलाचा पुढचा प्रश्न ओळखावा. तो म्हणणार, "पण सर, ६ तर बरोबर येतो, मी ताळा घेतला आहे." त्याची पाचवी ओळ खरी आहे. तिच्यामुळेच त्याचा चुकीच्या रीतीवर विश्वास बसला, म्हणून तिला उत्तर दिल्याशिवाय स्पष्टीकरण त्याला पटणार नाही. येथे 6 बरोबर आला तो योगायोगाने: एका अवयवाला 4 धरल्यावर दुसरा अवयव, जो पहिल्यापेक्षा 3 ने लहान आहे, नेमका 1 झाला, आणि 4 × 1 हे 4 च असतात. उजवीकडे 4 ऐवजी 5 असते तर हे जमले नसते.

मग मुलाला लिहिलेले उत्तर साधारण असे असावे:

"पहिली ओळ बरोबर आहे. तू खोडलेली दुसरी ओळसुद्धा बरोबर आहे, ती खोडायला नको होती. अडचण तिसऱ्या ओळीत आहे. दोन संख्यांचा गुणाकार ४ आहे एवढंच माहीत असेल, तर त्यांपैकी एक ४ असलीच पाहिजे का? २ आणि २ घे, किंवा −१ आणि −४ घे. गुणाकार ४ आहे, पण दोन्ही जोड्यांत ४ कुठेच नाही. आता गुणाकार ० येईल अशी, पण एकही संख्या ० नसलेली जोडी शोधून बघ. ६ चा ताळा तू बरोबर घेतलास; आता तसाच ९ चा घे, आणि ६ जमला तेव्हा दुसरा कंस किती झाला होता तेही बघ. मग तुझ्या खोडलेल्या ओळीवर परत ये आणि उजवीकडे काय असलं तर अवयवांचा उपयोग होईल, ते मला सांग."

यात कोणत्या गोष्टी मुद्दाम केल्या आहेत ते पाहावे. बरोबर ओळी आधी आणि नावानिशी सांगितल्या. चूक ओळीच्या क्रमांकाने दाखवली. "नियम चुकला" एवढ्यावर न थांबता तो मोडणाऱ्या लहान संख्या दिल्या; −1 आणि −4 ही जोडी तर त्याच्या हरवलेल्या मुळाचीच आहे, कारण x = 1 घेतल्यावर कंस तेवढेच होतात. शून्य का वेगळे आहे हे सांगून न टाकता त्याला शोधायला लावले, आणि x² − 7x + 6 = 0 ही ओळ लिहून दिली नाही, कारण ती लिहिण्याची ताकद त्याच्याकडे आहे हे खोडलेल्या ओळीने सिद्ध केले होते.

सावधान: एका उत्तरात एकच समजूत हाताळावी. पानावर "किंवा" च्या जागी स्वल्पविराम असेल किंवा बरोबरची चिन्हे एकाखाली एक नसतील, तरी ते आज लिहू नये. हे सर्व एकत्र पाठवले की मुलगा सर्वांत सोपी सूचना उचलतो, चिन्हे नीट आखतो आणि तिसरी ओळ पुन्हा तशीच लिहितो.

फोटोवरच खुणा करायच्या असतील तर त्याचा मजकूर झाकू नये. तुटलेल्या ओळीच्या समासात एक बाण पुरतो.

## टप्पा ७: दुसरा फोटो वाचणे

मुलगा नवा फोटो पाठवतो तेव्हा उत्तर 1 आणि 6 आले की आपले लक्ष ढिले पडते. तो फोटोही पहिल्यासारखाच ओळीओळीने उतरवावा. विशेषतः 4 डावीकडे आणण्याची ओळ आणि अवयव पाडण्याची ओळ अशा दोन्ही स्वतंत्र दिसल्या पाहिजेत. 6 वर कसे यायचे ते ठाऊक असल्याने 1 केवळ ताळ्याने शोधून लिहिलेला असू शकतो. तसे असेल तर अवयवांची ओळ गायब असते किंवा उत्तरानंतर वरच्या जागेत दाटीवाटीने घुसवलेली असते, आणि ते फोटोत ओळींमधल्या अंतरावरून कळते.

त्यानंतर (x − 1)(x − 3) = 8 पूर्ण सोडवून मागावे. तिथे x² − 4x − 5 = 0 ही ओळ आली, 5 आणि −1 आले आणि ताळा दोन्ही मुळांचा घेतलेला दिसला, तर चौथ्या टप्प्यात खूण केलेली ओळ आपल्या कागदावरून खोडता येते. ताळा फक्त 5 चाच असेल, तर एका मुळावर विश्वासून थांबण्याची सवय अजून तशीच आहे आणि तेवढ्यापुरता एक फोटो अजून मागवावा लागेल.